गाडी गेली बेंगळुरूला, टॅक्स राहिला पुण्यात

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यावर एक लाल फेरारी परिवहन अधिकाऱ्यांच्या नजरेत भरली. गाडीचा नंबर महाराष्ट्राचा होता, वावर मात्र कर्नाटकातला. चौकशी झाली, कागद तपासले गेले आणि मालकाने दंडासह सुमारे १ कोटी ४१ लाख रुपये कर्नाटक सरकारकडे भरून गाडी सोडवली. बातमी गाजली ती अर्थात फेरारीमुळे. पण तिच्यामागे जो नियम होता, तोच नियम हिंजवडीतली नोकरी सोडून व्हाइटफील्डला राहायला गेलेल्या माणसाच्या साध्या हॅचबॅकलाही लागू आहे. फरक फक्त आकड्यातल्या शून्यांचा.

एवढी महागडी गाडी महाराष्ट्रात नोंदवण्याला कारणही होतं. महाराष्ट्रात एका गाडीवरच्या एकरकमी कराला कमाल मर्यादा आहे. ती तेव्हा २० लाख रुपये होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला किमतीच्या १८ टक्के कर लागतो. किंमत काही कोटींत असली की दोन राज्यांतल्या या फरकात एक छानसा फ्लॅट बसतो. कर्नाटकाचे अधिकारी अशा परराज्यातल्या आलिशान गाड्यांमागे हात धुऊन लागले, ते यामुळे.

एकाच देशातल्या दोन राज्यांत गाडी नेली तर कर पुन्हा का भरायचा, हा प्रश्न आरटीओच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण विचारतो. उत्तर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांच्या यादीत आहे. गाडीची नोंदणी मात्र केंद्राच्या मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार होते आणि त्याच्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी सगळ्या भारतात चालते. म्हणजे नोंदणी देशाची, कर राज्याचा. पुण्याला भरलेला पंधरा वर्षांचा टॅक्स महाराष्ट्राच्या तिजोरीत जमा झालेला असतो आणि गाडी हलली म्हणून तो आपोआप बेंगळुरूला जात नाही. दोन्ही सरकारं आपसात हिशेब करत नाहीत. तो मालकालाच करावा लागतो: नव्या राज्यात आधी भरायचा आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परत मागायचा.

आता मुदतीचं बघू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. कायद्याचं कलम ४७ सांगतं, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ राहिली तर मालकाने तिथला नवा नंबर घेण्यासाठी अर्ज केला पाहिजे. केंद्रीय नियमांनुसार बारा महिने संपल्यावर अर्जासाठी आणखी तीस दिवस मिळतात. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांपेक्षा जास्त थांबलेल्या परराज्यातल्या गाड्यांकडून आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. बेंगळुरूत नोकरीला गेलेल्या हजारो मराठी, तमिळ आणि मल्याळी मालकांना त्याचा फटका बसला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद रद्द केली, कारण केंद्राचा कायदा बारा महिने देत असताना राज्याने तीस दिवसांतच आजीवन कराची मागणी करणं त्याच्याशी जुळत नव्हतं.

मात्र हे बारा महिने गाडी दुसऱ्या राज्यात ‘ठेवल्यापासून’ मोजले जातात. रस्त्यात अडवलं गेलं, तर गाडी कधी आली हे मालकाला दाखवता यायला हवं. बदलीचं पत्र, भाडेकरार, टोलनाक्यांच्या नोंदी असलेलं फास्टॅगचं विवरण हे सगळं अशा वेळी उपयोगी पडतं. ‘गेल्याच आठवड्यात आणली’ असं सांगणाऱ्याची गाडी वर्षभर त्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, हे अधिकाऱ्यांना ठाऊक असतं. आणि ज्याचं जाणं कायमचं आहे, त्याने बारा महिने संपायची वाट पाहण्याची काही गरज नाही. कायदा बारा महिन्यांनंतर अर्ज सक्तीचा करतो, त्याआधी करायला मनाई करत नाही.

सगळी प्रक्रिया नीट समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातलं एक जोडपं, एमएच १२ नंबरची पेट्रोल कार, घेतानाची किंमत ८ लाख रुपये, गाडीला चार वर्षं पूर्ण होऊन गेलेली, कर्ज अजून फिटायचं. दोघांनाही बेंगळुरूत नोकरी लागली, पुण्याचं घर रिकामं केलं, परत येण्याचा विचार नाही.

त्यांचं पहिलं काम पुण्यातलं आहे आणि गाडी हलवण्याआधीच ते उरकलेलं बरं. पुणे आरटीओकडून ‘ना हरकत प्रमाणपत्र’, म्हणजे सगळे ज्याला एनओसी म्हणतात, ते घ्यायचं. अर्ज फॉर्म २८ मध्ये, आता parivahan.gov.in वरून भरता येतो. ओटीपी गाडीच्या नोंदीतल्या मोबाइल नंबरवर येतो, आणि तो नंबर डीलरने टाकलेला, भलत्याचाच किंवा कधीच बंद पडलेला असू शकतो. म्हणून आधी मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्यावा. अर्जासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. कर्ज असल्यामुळे बँकेची लेखी संमती हवी. ही संमती मिळवायला कर्ज फेडावं लागत नाही, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला बँकेची हरकत नाही एवढंच पत्र असतं आणि बँकेचा बोजा नव्या आरसीवरही तसाच चढतो. पण बँकेच्या शाखेतून हे पत्र बाहेर पडायला किती दिवस लागतील, याचा अंदाज शाखा व्यवस्थापकालाही सहसा नसतो.

एनओसी देण्याआधी आरटीओला कायद्याने दोन गोष्टी तपासाव्या लागतात. गाडीबाबत चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा अहवाल आणि सरकारचं काही येणं बाकी नाही याची खात्री. दुसऱ्या तपासणीत माणसं अडकतात. कधीतरी सिग्नल तोडल्याचं, कधी नो-पार्किंगचं ई-चलान पडून असतं. ते भरलं आणि लगेच एनओसीचा अर्ज केला, तरी यंत्रणेत ते भरल्याचं दिसायला वेळ लागू शकतो. चलनाचा निपटारा आधी करून मग अर्ज केलेला चांगला.

आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक भरायची. एनओसी कुठल्या आरटीओच्या नावाने हवी, हे अर्जातच सांगावं लागतं. बेंगळुरू हे एक शहर असलं तरी आरटीओ अनेक आहेत. कोरमंगला केए ०१, इंदिरानगर केए ०३, जयनगर केए ०५, इलेक्ट्रॉनिक सिटी केए ५१, के.आर. पुरम केए ५३. घर अजून ठरलेलं नसताना ‘बेंगळुरू, काहीतरी’ म्हणून एनओसी काढली आणि मग व्हाइटफील्डला घर घेतलं, तर दुसऱ्याच कार्यालयाच्या नावाचा कागद हाती राहतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा पुणे गाठावं लागतं. आधी पत्ता, मग एनओसी, हा क्रम सोपा आहे, पण निघण्याच्या घाईत नेमका तोच उलटा होतो.

आरटीओने एनओसी अडवून ठेवली तर काय? फारसं कुणाला माहीत नसलेलं कलम ४८ याचं उत्तर देतं. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने एनओसी द्यायची किंवा कारणं लिहून नकार कळवायचा. नकार कळवलाच नाही, तर एनओसी दिली असं मानलं जातं. आणि कलम ४७ नुसार नव्या राज्यात एनओसीऐवजी अर्जाची पोचपावती आणि नकार कळवला गेला नसल्याचं मालकाचं निवेदन चालतं. प्रत्यक्षात संगणकीय नोंदीत ‘एनओसी दिली’ असं दिसल्याशिवाय पलीकडचा कारकून फाइल हलवायला नाखूश असतो, हे खरं. तरीही पोचपावती हातात असली आणि कलमाचा आकडा ठाऊक असला, की बोलण्याचा सूर बदलतो. एनओसी निघाली की जुन्या कार्यालयातले त्या गाडीचे बाकी व्यवहार थांबतात, हेही ध्यानात ठेवावं. बेत बदलला तर आधी ती रद्द करून घ्यावी लागते.

बेंगळुरूत पोहोचल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. के.आर. पुरमच्या आरटीओत फॉर्म २७, म्हणजे नवा नंबर मागण्याचा अर्ज, आणि पत्ता बदलल्याची सूचना देणारा फॉर्म ३३. सोबत एनओसी, आरसी, विमा, पीयूसी, भाडेकरारासारखा पत्त्याचा पुरावा आणि गाडी घेतानाचं मूळ बिल. हे बिल चार वर्षांपूर्वी डीलरने दिलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतं आणि तो फोल्डर घर हलवताना पहिला हरवतो. नव्या राज्यातला कर गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणून बिलाला महत्त्व. निरीक्षक गाडी पाहतात, चेसिस आणि इंजिनचा नंबर नोंदीशी ताडून बघतात. आरसीवर एखादा अंक चुकीचा छापलेला असेल तर तो इथे उघडा पडतो आणि पुण्याहून दुरुस्ती होईपर्यंत काम थांबतं. गाडी जुनी असेल, तिची कागदी नोंद संगणकात पूर्ण चढलेली नसेल, तर जुन्या कार्यालयाला ती आधी चढवावी लागते.

मग करभरणा. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के आहे आणि त्यावर अधिभार वेगळा. आपल्या ८ लाखांच्या कारला ती नवी असती तर १ लाख १२ हजार रुपये कर बसला असता. पण जुन्या गाडीसाठी वयानुसार उतरता तक्ता आहे. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला साधारण तीन चतुर्थांश कर धरला, तर ८४ हजार होतात, आणि अधिभारासह रक्कम नव्वद हजारांच्या पुढे जाते. पुण्याला घेताना पेट्रोलच्या १० लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्क्यांप्रमाणे ८८ हजार भरले होते. म्हणजे चार वर्षं वापरलेल्या गाडीवर, ती नवी असताना दिला होता त्यापेक्षा जास्त कर. दरातल्या फरकाचा हा परिणाम आहे. महाराष्ट्राकडून परतावा पूर्ण मिळाला तरी हा फरक भरून निघत नाही.

कर भरला, तपासणी झाली, की नवा नंबर मिळतो. इथे एक समज दूर करायला हवा. सगळे याला ‘गाडी रि-रजिस्टर केली’ म्हणतात, पण गाडीचं वय त्याने कमी होत नाही. कायद्याच्या भाषेत हे केवळ नवं नोंदणीचिन्ह देणं आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षं चालते आणि नव्या आरसीवरही तीच पहिली तारीख राहते. चार वर्षांची गाडी बेंगळुरूत ‘नवी’ झाली तरी तिला अकराच वर्षं उरतात. जुनी नोंद नव्या कार्यालयाकडे वर्ग करणं हे दोन्ही आरटीओंचं काम.

नंबर बदलला की बाकीचं सगळं त्याच्यामागे फिरवावं लागतं. नव्या नंबरची हाय सिक्युरिटी प्लेट, विमा कंपनीकडून पॉलिसीवर नव्या नंबरची आणि पत्त्याची नोंद, पीयूसी आणि फास्टॅग. विम्याचं काम लोक पुढच्या नूतनीकरणावर ढकलतात. पॉलिसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा असताना अपघात झाला, तर चेसिस नंबरच्या आधारे गाडी तीच आहे हे पटवत बसावं लागतं. फास्टॅगचंही तसंच: टॅग जुन्या नंबरवर राहिला, तर टोलवर प्लेट आणि टॅग जुळत नाही.

आता परतावा. हा भाग सर्वात जास्त लोक अर्ध्यावर सोडतात.

महाराष्ट्राच्या मोटार वाहन कर कायद्यात एकरकमी कर भरलेली गाडी राज्याबाहेर कायमची गेली तर उरलेल्या काळाचा कर परत मिळण्याची तरतूद आहे. पण तो आपोआप मिळत नाही आणि नुसत्या एनओसीवरही मिळत नाही. गाडी खरोखर दुसऱ्या राज्यात नोंदली गेली आणि तिथे कर भरला गेला, याचा पुरावा लागतो. म्हणून क्रम असा ठरतो: पुण्याची एनओसी, बेंगळुरूचा कर, बेंगळुरूची आरसी, आणि मग पुन्हा पुण्याचा अर्ज. अर्जासोबत मूळ करपावती, एनओसीची प्रत, नव्या आरसीची आणि नव्या करपावतीची प्रत, आणि पैसे जमा होण्यासाठी रद्द केलेला धनादेश जोडतात. पुण्याचं कार्यालय नव्या नोंदणीची खातरजमा करतं, मग मंजुरी, मग कोषागारातून पैसे. आठवडे लागतात, महिनेही लागतात. बेंगळुरूत बसून पाठपुरावा करणं अवघड, म्हणून बहुतेक जण दिवाळीला घरी आले की आरटीओत चक्कर मारतात किंवा एजंटाच्या हवाली करतात. नव्वद हजार आधी खिशातून गेलेले असतात आणि परत येणारी रक्कम नंतर कधीतरी येते. घर हलवण्याच्या खर्चात हे धरलेलं नसतं.

किती मिळतात? ८८ हजार पंधरा वर्षांत सारखे वाटले, तर उरलेल्या अकरा वर्षांचे सुमारे ६४ हजार ५०० होतात. पण राज्यांचे तक्ते असे सरळ भागाकार करत नाहीत, गाडीच्या वयाच्या टप्प्यांनुसार टक्केवारी ठरलेली असते. त्यामुळे या भागाकाराला अंदाज समजावं, हक्काचा आकडा नव्हे. टप्पे वर्षांचे असल्यामुळे तारखेला किंमत येते. गाडीचा ‘वाढदिवस’ ओलांडला की नव्या राज्यातला कर एक पायरी उतरतो आणि जुन्या राज्याचा परतावाही एक पायरी उतरतो. नवं राज्य महागडं असेल तर उतरलेल्या कराचा फायदा जास्त, ते स्वस्त असेल तर गेलेल्या परताव्याचा तोटा जास्त. पायरीसाठी कुठली तारीख धरली जाते, हे त्या त्या राज्याचा नियम सांगतो. वाढदिवस महिन्या-दीड महिन्यावर असेल, तर दोन्ही कार्यालयांत विचारून मगच अर्जाची तारीख ठरवावी.

करपावती सापडत नसेल तर मात्र अर्ज तिथेच रखडतो. कराची नोंद कार्यालयाकडे असते हे खरं, पण ती शोधून काढायला लावणं हे अर्जदाराचंच काम होऊन बसतं. गाडी घेतल्या दिवशी पावतीचा फोटो काढून ठेवणं एवढं सोपं काम फार थोडे लोक करतात.

आणि या सगळ्या खटाटोपाला प्रत्येक गाडी लायक नसते. सहा वर्षांची स्कूटर असेल, तिचा कर मुळात सात-आठ हजारांचा असेल, तर उरलेला परतावा काही हजारांत येतो. त्यापायी दोन राज्यांतल्या दोन आरटीओंत खेपा घालण्यापेक्षा ती पुण्यातच विकावी आणि तिकडे नवी घ्यावी. गाडी पुण्यात विकली तर तिचा कर तिच्यासोबत तिथेच राहतो आणि ग्राहकही किमतीत तो धरून चालतो. महागडी किंवा दोन-तीन वर्षांचीच गाडी असेल तेव्हा मात्र हा व्याप करणं परवडतं.

ज्यांच्या नशिबी दर तीन वर्षांनी बदली आहे, त्यांच्यासाठी केंद्राने १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आणली. या गाडीचा नंबर नोंदणीच्या वर्षाने सुरू होतो आणि मध्ये बीएच ही अक्षरं असतात. कर पंधरा वर्षांचा एकदम नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर किमतीप्रमाणे ८, १० किंवा १२ टक्के, डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच, म्हणून एनओसी नाही आणि परताव्याची भानगड नाही. डिसेंबर २०२२ पासून जुन्या नंबरच्या गाड्याही पात्र मालकाला बीएचमध्ये बदलता येतात.

अडचण ‘पात्र’ या अटीत आहे. संरक्षण दल, केंद्र व राज्य सरकार आणि सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी पात्र आहेत. खासगी नोकरीत असाल, तर कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत हवीत आणि तसं प्रमाणपत्र कंपनीने फॉर्म ६० वर द्यायला हवं. पुण्यातला स्वतंत्र आर्किटेक्ट, कोल्हापूरहून हुबळीला दुकान हलवणारा व्यापारी किंवा सावंतवाडीहून पणजीला दवाखाना थाटणारी डॉक्टर यांना ती दारं बंद आहेत. त्यांनी फॉर्म २८ भरायचा, ई-चलान मिटवायचं आणि हुबळी किंवा पणजीच्या आरटीओला जाण्याआधी करपावतीच्या दोन छायाप्रती काढून ठेवायच्या.